आई-आप्पांच्या पन्नास वर्षांची स्मरणिका

मे 2025 मध्ये आई-आप्पांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. समारंभ अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावीच करायचा, जेवणात वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी ठेवायची, एवढं घरात लगेच ठरलं. स्मरणिकेची कल्पना माझी होती, म्हणून कामही माझ्याकडे आलं. सगळ्या नातेवाइकांकडून आई-आप्पांबद्दल चार ओळी आणि जुने फोटो मागवायचे, त्यांचं पुस्तक करायचं आणि समारंभाला आलेल्या प्रत्येक घराला एक प्रत द्यायची. ते पुस्तक तयार होईपर्यंत जे कळत गेलं ते इथे लिहिते आहे. अशी स्मरणिका करणाऱ्या कोणाला त्यातलं काहीतरी उपयोगी पडेल.

पहिली अडचण मजकुराची आली. मोठ्या भावाने, म्हणजे दादाने, नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं, ‘आपला शुभेच्छा संदेश आणि एक फोटो पाठवावा’. संदेश आले आणि भराभर आले. पण सगळे जवळपास सारखेच. ‘उदंड आयुष्य लाभो’, ‘आपले सहजीवन असेच बहरत राहो’, ‘आई जगदंबा आपणास सुखी ठेवो’. लिहिणाऱ्यांचा जीव त्यात होताच, पण नावं झाकली तर कोणता संदेश मामांचा आणि कोणता शेजारच्या काकांचा हे सांगता आलं नसतं. संदेश लिहा म्हटलं की माणसाला लग्नपत्रिकेची आणि सत्काराच्या भाषणाची भाषा आठवते. त्यात त्याचा दोष नाही, आपणच तसं मागितलेलं असतं.

म्हणून मागण्याची पद्धत बदलली. ग्रुपवर मागणं थांबवलं आणि एकेकाला फोन केला. फोनवर संदेशाचं नावच काढलं नाही, फक्त एक प्रश्न विचारला आणि प्रत्येकाला त्याचा प्रश्न वेगळा दिला. मावशीला विचारलं, ‘आई सासरी गेली त्या दिवशी घरी मागे कोण कोण रडलं?’ आप्पांच्या शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांना विचारलं, ‘आप्पा तुमच्यावर कधी रागावले होते का, आणि कशावरून?’ सुरतच्या चुलतभावांना विचारलं, ‘तुम्ही सुट्टीत गावी यायचात तेव्हा आमच्या घरी कुठे झोपायचात?’ आणि ज्यांना विशेष काही विचारता येत नव्हतं त्या सगळ्यांना एकच प्रश्न होता, ‘आईच्या हातची किंवा आप्पांनी दिलेली कोणती वस्तू तुमच्या घरात अजून आहे?’

या शेवटच्या प्रश्नाने पुस्तकाचं रूपच बदललं. सुरतला उधन्यात राहणाऱ्या काकूंनी गोधडी काढून दाखवली. आईने तिच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली ती गोधडी काकांची गिरणीतली नोकरी लागली तेव्हा त्यांच्याबरोबर गावाहून गेली होती. नंदुरबारच्या मावशीकडे मातीचं खापर होतं, मांडे भाजायचं. आईने ते तिला पहिल्या आखाजीला दिलं आणि मांडे हातावर कसे फिरवून मोठे करायचे ते शिकवलं. आप्पांच्या एका विद्यार्थ्याने पाठवलेला फोटो होता एका शब्दकोशाचा, आत पहिल्या पानावर आप्पांची सही आणि ‘परत करू नये’ एवढेच तीन शब्द. प्रत्येक वस्तूचा फोटो आला आणि तिच्यामागून गोष्ट आपोआप आली. मग लांबी आवरायचं काम उरलं. एका पानावर एक मध्यम फोटो आणि चौदा पॉइंटमधला मजकूर ठेवायचा तर दीडशे शब्दांच्या आसपासच बसतात. चौदा पॉइंट यासाठी की वाचणाऱ्यांत सत्तरी ओलांडलेले बरेच होते, आणि त्याहून बारीक अक्षर त्यांच्यासाठी न छापल्यासारखंच.

लिहिणं जमत नसलेल्या माणसांचा वाटा या पुस्तकात सगळ्यांत मोठा आहे. आप्पांची मोठी बहीण, आमची पारोळ्याची फुई, शाळेत गेलेली नाही. तिच्या नातवाने तिच्या वतीने छान शुद्ध मराठीत संदेश लिहून पाठवला होता, पण त्यात फुई कुठेच नव्हती. म्हणून पारोळ्याला गेले आणि तिचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं. त्या अनुभवातून सांगते, पंखा बंद करावा. माणसाच्या कानाला पंखा जाणवत नाही, पण रेकॉर्डिंगमध्ये त्याची घरघर बोलण्यावर चढते आणि उतरवून घेताना निम्मे शब्द जातात. मोबाइल हातात न धरता बोलणाऱ्याच्या जवळ, घडी घातलेल्या पंचावर ठेवावा, म्हणजे खाटेचा नाहीतर टेबलाचा खडखडाट त्यात येत नाही. रेकॉर्ड करते आहे हे आधी सांगावं. आणि त्यांच्या हातात एखादा जुना फोटो द्यावा. नुसतं ‘सांग ना’ म्हटल्यावर फुई म्हणाली, ‘काय सांगू, माय?’ लग्नातला फोटो हातात आल्यावर मात्र ती तासभर थांबली नाही.

फुई अहिराणीत बोलते आणि ते तसंच छापायचं मी ठरवलं होतं. तिच्या मजकुराची सुरुवात अशी आहे, ‘तुन्ही माय वनी तवय तिनाकडे लोखंडनी पेटी व्हती. त्या पेटीमा लुगडा थोडा आनि पुस्तके जास्ती.’ हे प्रमाण मराठीत केलं की माहिती तीच राहते, पण फुईचा आवाज जातो. म्हणून उतरवताना शब्द बदलायचे नाहीत, फक्त एकच गोष्ट दोनदा आली असेल तर एकदा ठेवायची, एवढाच नियम पाळला. सगळं उतरवून झाल्यावर फोनवर तिला वाचून दाखवलं. त्यात लग्नातल्या देण्याघेण्यावरून झालेल्या रुसव्याचा एक प्रसंग होता. ऐकल्यावर ती म्हणाली, तेवढं काढून टाक, ज्यांच्याबद्दल आहे ते आता नाहीत. काढून टाकलं. बोलण्याच्या ओघात माणूस जे सांगतो आणि छापून चारचौघांत जाऊ द्यायला जे राजी असतो, त्यात अंतर असतं. म्हणून वाचून दाखवल्याशिवाय कोणाचंच तोंडी सांगितलेलं छापलं नाही.

सुरतकडच्या मुलांचं वेगळं होतं. ती घरी अहिराणी-मराठी बोलतात, पण शिकली गुजराती शाळेत. एका पुतण्याच्या मुलीने मराठी वाक्यं गुजराती लिपीत लिहून पाठवली. टाइप करणाऱ्या मुलाला ती वाचता येईनात, पण कागदावर ती दिसत सुंदर होती. आम्ही तिच्या हस्ताक्षराचा फोटो तसाच छापला आणि खाली देवनागरीत तोच मजकूर दिला. आप्पा ते पान लोकांना आवर्जून दाखवतात.

आता फोटोंबद्दल. सगळ्यांत जास्त वेळ याच कामात गेला आणि मला ते सगळ्यांत जास्त आवडलंही.

लग्नाला धुळ्याहून फोटोग्राफर बोलावला होता आणि त्याच्याकडे एकच रोल होता, असं मामा सांगतात. त्या काळात लग्नाला वापरायचा तो मोठा, एकशेवीस नंबरचा रोल असे आणि चौरस फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात त्याचे बाराच फोटो निघत. म्हणजे आई-आप्पांच्या लग्नाचे जास्तीत जास्त बारा वेगळे फोटो असू शकतात. आमच्या घरी त्यातले चार होते. उरलेले कोणाकोणाच्या घरी गेले असणार, पण कोणाच्या, हे आठवून सांगणारं कोणी नव्हतं.

तिथे आहेराची वही कामाला आली. आजोबांनी लग्नाच्या आहेराची नोंद एका लाल कापडी बांधणीच्या वहीत ठेवली होती. कोणाकडून पातळ आलं, कोणाकडून भांडं, कोणी पाच रुपये दिले, सगळं गावाच्या नावासकट. वही दादाने जपून ठेवलेली. लग्नाला कोण आलं होतं याचा तिच्याइतका पक्का पुरावा दुसरा नव्हता. लोकांच्या आठवणीत ‘आम्ही सगळे होतो’ असतं, वहीत नाव असतं किंवा नसतं. त्या वहीतून आम्ही घरांची यादी केली आणि फोटो विचारायचे ते त्याच घरांत. त्यातून चौरस फोटो एकेक करून सापडत गेले. एक शिंदखेड्याला देवघराच्या मागे, एक चोपड्याला विम्याच्या कागदांत, एक थेट सुरतला. शेवटी सात वेगळे फोटो हाती आले.

चौरसपणाचा आणखी एक उपयोग झाला. दोन घरांतून ‘हा लग्नातलाच’ म्हणून आयताकृती फोटो आले होते. आयताकृती आहे म्हणून तो त्या रोलचा नाहीच, असं म्हणता येत नाही, कारण मोठा करताना कडा कापलेल्या असू शकतात. पण शंका घ्यायला ती खूण पुरेशी होती. त्यातला एक मग नीट पाहिला तर आईच्या मागे आमच्या घराची विटांची भिंत दिसत होती, आणि ती भिंत लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी बांधली. तो फोटो पुस्तकात घेतला, पण लग्नाच्या पानांवर नाही.

त्या सातांत एक मोठा ग्रुप फोटो आहे. मांडवात दोन रांगा, पुढे सतरंजीवर मुलं, मिळून तेवीस माणसं. त्यातली किती ओळखता येतात हा आमचा मोठा प्रश्न होता, कारण नावांशिवाय ग्रुप फोटो पुढच्या पिढीला काहीच सांगत नाही. त्या फोटोची मोठी प्रत काढली, तिच्यावर बटर पेपर ठेवून प्रत्येक डोक्याची बाहेरची रेघ काढली आणि त्यात एक ते तेवीस आकडे घातले. मग ती प्रत आणि तो कागद घेऊन घरोघर विचारायचं.

इथे मला जे उमगलं ते असं की सगळ्यांना एकत्र बसवून कधी विचारू नये. चारजण बसले की त्यातला मानाचा किंवा मोठ्या आवाजाचा माणूस बोट ठेवून म्हणतो, ‘हा तर अमक्याचा बाप’, आणि बाकीचे मान हलवतात. प्रत्येकाला वेगळं विचारलं आणि आधी कोणी काय सांगितलं हे त्याला कळू दिलं नाही, की मग खरी मतं बाहेर येतात. दोन वेगळ्या घरांतल्या दोघांनी एकमेकांना न विचारता तेच नाव सांगितलं तर ते पक्कं धरायचं. एकानेच सांगितलं तर नावापुढे प्रश्नचिन्ह. दोघांनी वेगवेगळी नावं सांगितली तर पुरावा शोधायचा.

अकरा नंबरवर अशीच अडचण आली. पुढच्या रांगेतल्या एका बाईच्या मांडीवर वर्ष-दीड वर्षाचं मूल आहे, डोक्यावर कुंची. मामा म्हणाले ते त्यांचा मोठा मुलगा. मावशी म्हणाली ते तिच्या चुलतबहिणीची मुलगी. मामा ठाम होते आणि मूल मांडीवर घेतलेली बाई मामीच आहे यावर दोघांचं एकमत होतं, त्यामुळे मामांचंच खरं वाटत होतं. पण मामांच्या मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर जन्माचं वर्ष 1977 आहे, म्हणजे लग्नानंतर दोन वर्षांनी. त्या काळी दाखल्यावर तारीख मागेपुढे लावली जायची हे खरं, पण शाळेत लवकर घालण्यासाठी वय वाढवून सांगत. तसं असेल तर मुलाचा खरा जन्म 1977 च्याही नंतरचा निघतो आणि तो फोटोत असणं आणखीच अशक्य होतं. हे सगळं मामांसमोर दाखला ठेवून सांगितलं तेव्हा ते बराच वेळ फोटो पाहत राहिले आणि म्हणाले, ‘मग मामीच्या मांडीवर मावशीकडचीच पोर असेल, तिला लहान मुलं मांडीवर घ्यायची हौस होती.’ मामी 2019 मध्ये गेली. तिच्याबद्दलचं हे वाक्य आम्ही फोटोखाली छापलं.

वऱ्हाड कशाने गेलं यावरही दोन मतं होती. आईचं माहेर दोंडाईच्याजवळ. आप्पांकडचे काहीजण सांगत की ट्रकने गेलो, काहीजण म्हणत पॅसेंजरने. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर अमळनेर आहे आणि दोंडाईचाही, त्यामुळे दोन्ही पटण्यासारखं होतं. फुईने उलगडा केला. वऱ्हाड जाताना रेल्वेने गेलं आणि दोंडाईचा स्टेशनपासून गावापर्यंत बैलगाड्या आल्या होत्या. परत येताना नवरी आणि भांड्यांचा संसार बरोबर, म्हणून ट्रक केला. दोन्ही बाजू खऱ्याच निघाल्या.

यात गुपित ठेवण्याचा प्रश्न आला. स्मरणिका दोघांनाही समारंभात अचानक द्यायची असं दादाचं म्हणणं होतं आणि मुलांनाही तेच हवं होतं. पण लग्नाबद्दल सगळ्यांत जास्त माहिती त्या दोघांनाच, आणि त्यांनाच विचारायचं नाही म्हणजे चुकीची नावं छापून त्यांच्या हातात द्यायची. मी हट्टाने आईला विश्वासात घेतलं. आप्पांपासून शेवटपर्यंत लपवलं. आईने ग्रुप फोटोत आम्हाला न सापडलेली चार नावं दिली. शिवाय आप्पांनी बदलीच्या गावाहून पाठवलेली पत्रं ठेवलेली पेटी उघडून दिली. फुई म्हणते ती लोखंडी पेटी तीच. त्यातलं कोणतं पत्र छापायचं आणि कोणतं नाही हे आईनेच ठरवलं. एकच आंतर्देशीय पत्र घेतलं, त्यात आप्पांनी कपाशीच्या वेचणीचे पैसे कोणाकोणाला द्यायचे ते लिहून शेवटी विचारलं आहे की तुझा खोकला गेला का.

फोटो जमवताना आणि छापायला देताना काय जपावं ते आता सांगते, कारण इथे झालेलं नुकसान भरून येत नाही.

मोठ्या कष्टाने कोणाच्या तरी घरात सापडलेला फोटो लोक मोबाइलने काढून व्हॉट्सअॅपवर पाठवतात. साधा फोटो म्हणून पाठवला की तो बारीक होतो, बहुतेक वेळा लांब बाजूला सोळाशे पिक्सेलच्या आसपास उरतात. छपाईला एका इंचात तीनशे पिक्सेल लागतात, म्हणजे तो फोटो पाच इंचांपर्यंत चांगला येतो. एका माणसाचा असेल तर चालून जातं. पण ग्रुप फोटोत तेवीस चेहरे त्या सोळाशे पिक्सेलमध्ये वाटले गेले की प्रत्येकाच्या वाट्याला डाग येतो. म्हणून सगळ्यांना सांगितलं की फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे तो जसाच्या तसा येतो. ज्यांना ते जमलं नाही त्यांच्या घरी गेलो. हातात मूळ फोटो मिळाला तर अमळनेरच्या एका स्टुडिओत सहाशे डीपीआयवर स्कॅन करून घेतला. साडेतीन बाय पाच इंचांचा फोटो तसा स्कॅन केला की दुप्पट मोठा छापला तरी फाटत नाही.

फ्रेममधले फोटो काढायची घाई करू नये. वर्षानुवर्षं दमट भिंतीवर टांगलेल्या फोटोचा थर काचेला चिकटलेला असतो आणि काच ओढली की चेहरा काचेबरोबर येतो. असे फोटो आम्ही काचेतूनच घेतले. फ्रेम ओसरीत सावलीत आडवी ठेवायची, मोबाइल बरोबर वरून धरायचा, फ्लॅश बंद आणि मोबाइलच्या मागे कोणीतरी काळं कापड ताणून धरायचं. काचेत आपलंच प्रतिबिंब दिसत असतं, ते काळ्या कापडाने जातं. ऐंशी-नव्वदच्या दशकात आलेले चिकट पानांचे अल्बम तर अजून हट्टी. त्यातला फोटो सुटत नसेल तर बारीक शिवणदोरा फोटोच्या मागून करवतीसारखा हलक्या हाताने सरकवत न्यायचा. त्यानेही अडला तर पानासकटच स्कॅन करावा. फोटोच्या पाठीमागचा मजकूरही स्कॅन करून ठेवावा. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेली तारीख, कोणाला भेट दिला ते, हे सगळं मागच्याच बाजूला असतं.

मजकुरात सर्वांत जास्त त्रास फॉन्टचा झाला. संदेश मोबाइलवरून आले ते युनिकोडमध्ये आणि छापखान्यात पेजमेकरवर काम, त्यात युनिकोड चालत नाही. मजकूर जुन्या फॉन्टमध्ये बदलून घ्यावा लागतो आणि त्या बदलात काही ठरावीक जागी अक्षरं मोडतात. ‘गाणाऱ्या’, ‘वऱ्हाड’ मधला अर्धा र, ‘ॲ’, रफार असलेली जोडाक्षरं. प्रूफ वाचताना आधी हेच शब्द शोधून तपासावेत. आमच्या पुस्तकात वऱ्हाड हा शब्द जागोजाग होता आणि पहिल्या प्रूफमध्ये तो एकाही ठिकाणी धड नव्हता. शिवाय टाइप करणाऱ्या मुलाने फुईचं बोलणं मनापासून दुरुस्त केलं होतं. ‘व्हती’चं ‘होती’, ‘तिनाकडे’चं ‘तिच्याकडे’. त्याला वाटलं चुका आहेत. त्या पानांवर लाल शाईने ‘अहिराणी, जसं आहे तसं’ असं लिहून दिलं. प्रूफ वाचायला दोघंजण लागतात, एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने छापील पानावर बोट ठेवून पाहायचं. एकट्याने वाचलं की डोळे मनातलंच वाचतात.

नावांमागच्या उपाध्यांवरून घरात बरीच चर्चा झाली. श्री., सौ., श्रीमती, कै., चि. हे सगळं लावायचं की नाही? काम चालू असतानाच एका काकूंचे यजमान गेले आणि त्यांच्या आधी आलेल्या मजकुराखाली ‘सौ.’ होतं. ते खोडून ‘श्रीमती’ करण्याचा हात होईना. शेवटी सगळ्याच उपाध्या काढल्या. नाव, गाव आणि आई-आप्पांशी नातं, एवढंच ठेवलं. त्यामुळे जिवंत माणसाच्या नावामागे चुकून ‘कै.’ पडण्याची भीतीही गेली.

मानपानाचा प्रश्न क्रमात होता. पहिलं पान कोणाचं? वयाने मोठ्यांचं म्हटलं तर कोणाकडचे मोठे, आणि पाहुण्यांत हुद्दा असलेल्यांचं म्हटलं तर भाऊबंद दुखावणार. आम्ही क्रम लावला तो आई-आप्पांच्या आयुष्यात कोण आधी आलं त्यावर. आधी दोघांची भावंडं, मग लग्नाला हजर असलेले, मग नोकरीतले आणि शेजारचे, मग सुना-जावई, शेवटी नातवंडं. असा क्रम लागला की पुस्तक आपोआप पन्नास वर्षांच्या वाटेने चालतं. एका नात्यातल्या गृहस्थांना आपलं पान मागे गेल्याचं वाईट वाटलं. त्यांना क्रमाचं कारण सांगितलं आणि त्यांच्या आधीच्या पानावर एक निवृत्त मोलकरीणबाई आहेत हेही सांगितलं. आईच्या बाळंतपणांत त्या होत्या, हे गृहस्थ तेव्हा आमच्या घरात आलेही नव्हते. ते पुढे काही बोलले नाहीत.

पुस्तक क्राऊन पाव आकाराचं, चौसष्ट पानांचं. पिनांच्या बांधणीत पानं चारच्या पटीत बसतात, म्हणून शेवटची तीन मुद्दाम कोरी ठेवली. बांधणी मधे पिना मारून केली, कारण ते पुस्तक सपाट उघडतं. डिंकाच्या बांधणीत आतली कड गिळली जाते, आणि दोन पानांवर पसरलेला ग्रुप फोटो असेल तर मधला माणूस घडीत जातो. आमच्या फोटोत मधे नवरा-नवरीच होते, म्हणून तो फोटो एकाच पानावर आडवा घेतला. कागद चकचकीत घेतला नाही, मॅट घेतला, दिव्याखाली वाचताना डोळ्यांवर चमक येत नाही. कृष्णधवल फोटो रंगीत फाइल म्हणून छापले तर त्यांत हिरवट छटा येऊ शकते, म्हणून ते आधी ग्रेस्केल करून घेतले आणि त्याच कागदावर एक प्रत काढून पाहिली. दीडशे प्रती डिजिटल प्रेसवर काढल्या. एवढ्या कमी प्रतींना ऑफसेटच्या प्लेटचा खर्च परवडत नाही.

ग्रुप फोटोच्या पानासमोर बाह्यरेषांचं चित्र आणि तेवीस नंबर छापले. अठरांपुढे नावं, दोघांपुढे प्रश्नचिन्हासकट नावं आणि तिघांपुढे ‘माहीत असल्यास कळवा’ आणि दादाचा फोन नंबर. जेवणं चालू असताना दोंडाईच्याकडच्या एका म्हाताऱ्या बाबांनी चष्मा मागून घेतला आणि सात नंबरवर बोट ठेवलं. तो त्यांचा सालदार, मांडवाला डहाळे त्यानेच आणले होते. नाव सांगितलं, त्याचं गाव सांगितलं. त्यांना दुजोरा द्यायला आईच्या माहेरचे आणखी एकजण मिळाले. आठवड्याभरात सुरतहून फोन आला आणि बावीस नंबरचंही कळलं. एक चिठ्ठी छापून घेतली आहे, पानावर चिकटवता येईल अशी, आणि ती घरोघर पोचवतो आहोत. सोळा नंबर अजून राहिला आहे. मागच्या रांगेत डावीकडून चौथा, डोक्यावर पांढरी टोपी, हातात तांब्या.